‘चाळीस हजार टाका, नाहीतर गूगलवर टाकतो’: अशा ग्राहकाला उत्तर कसं द्यायचं

आखाजीनंतरच्या लग्नसराईत केटरर, मंडपवाले, फोटोग्राफर आणि शिवणकाम करणारे हमखास या पेचात सापडतात. काम करताना एक खरी चूक झालेली असते. ग्राहकाचं थोडं नुकसानही खरंच झालेलं असतं. पण मागणी नुकसानीच्या चौपट येते आणि सोबत धमकी असते की पैसे टाका, नाहीतर सगळीकडे बदनामी करतो. इथे बहुतेकजण दोनपैकी एक चूक करतात. काही घाबरून मागेल ती रक्कम देऊन टाकतात. काही चिडून ‘काय करायचं ते करा’ म्हणतात आणि जे पैसे खरोखर देणं लागतात तेही अडवून धरतात. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात ग्राहकाची बाजू खरी ठरते आणि पुढे त्याने काहीही लिहिलं तरी वाचणारे त्याच्याच बाजूने उभे राहतात.

खालची सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे. खरं नुकसान भरून द्यायचं, पोस्ट टाको वा न टाको. त्यावरचा एक रुपयाही द्यायचा नाही, पोस्ट टाको वा न टाको. पैसे आणि पोस्ट यांची गाठ तुमच्या बाजूने कधीच बांधायची नाही.

समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. अमळनेर तालुक्यातल्या एका हळदीच्या कार्यक्रमाची २५० ताटांची ऑर्डर आहे. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, जिलेबी आणि मठ्ठा. ताटाला २२० रुपये, एकूण ५५,००० रुपये, सगळे मिळालेले. शेवटच्या पंगतीला बट्ट्या संपल्या आणि पाहुणे ताटकळले. यजमानांनी जवळच्या खानावळीतून पुरी-भाजी मागवून वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सअॅपवर मेसेज आला:

“५० माणसं उपाशी उठली. उद्या संध्याकाळी ६ पर्यंत ४०,००० टाका. नाहीतर गूगलवर, फेसबुकवर आणि समाजाच्या सगळ्या ग्रुपवर टाकतो की शिळं अन्न वाढलं. या वर्षी एकही लग्न मिळू देणार नाही.”

## १. पहिला तास: उत्तर नको, पुरावा गोळा करा

मेसेज वाचल्याबरोबर काहीही लिहू नका. ‘ठीक आहे’ नको, अंगठाही नको. वादात अंगठा म्हणजे ‘मान्य’ असाच अर्थ काढला जातो.

आधी स्क्रीनशॉट घ्या. ग्राहकाचं नाव, नंबर, तारीख आणि वेळ दिसायला हवी. धमकीच्या एकट्या ओळीचा तुकडा उपयोगाचा नाही, म्हणून तिच्या मागचे-पुढचे मेसेजही घ्या. घाई अशासाठी की पाठवणाऱ्याला आपला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त काळ मिळतो. राग ओसरला किंवा कुणी शहाणपण शिकवलं की नेमकी तीच ओळ गायब होते. नंतर चॅटमधल्या `Export chat` ने पूर्ण संभाषण स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. त्या चॅटला `Disappearing messages` लावलेलं असेल तर बंद करा. मूळ चॅट पुसू नका, तो फोन विकू नका आणि रीसेटही करू नका. पुढे वेळ आलीच तर मूळ मेसेज ज्यात आहे तो फोन दाखवावा लागू शकतो.

धमकी फोनवर आली असेल तर फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत व्हॉट्सअॅपवर लिहा: “आत्ता ४ वाजून १० मिनिटांनी आपला फोन झाला. आपण ४०,००० रुपये मागितले आणि न दिल्यास गूगलवर लिहू असं म्हणालात. माझ्या समजण्यात चूक असेल तर कळवा.” यावर ‘मी असं म्हणालोच नाही’ असं उत्तर आलं तरी हरकत नाही. त्या दिवशीची तुमची नोंद झाली.

इशारा: ग्राहकाला ब्लॉक करू नका. ब्लॉक केलं की तो पुढचं लिखाण चारचौघांत करतो आणि ‘फोनसुद्धा उचलत नाहीत’ हे त्याचं वाक्य खरं ठरतं.

## २. तक्रार एका बाजूला, मागणी दुसऱ्या बाजूला

एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे मेसेजमधली तक्रार लिहा, उजवीकडे मागणी आणि धमकी. आपल्या उदाहरणात डावीकडे दोन गोष्टी येतात: बट्ट्या संपल्या आणि ५० माणसांना मिळाल्या नाहीत. उजवीकडे तीन: ४०,००० रुपये, उद्या सहाची मुदत आणि ‘शिळं अन्न’ असं लिहिण्याची धमकी.

आता डावीकडची प्रत्येक ओळ स्वतःला विचारा: खरं की खोटं? आचाऱ्याला आणि वाढप्यांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र विचारलं तर सगळे एकमेकांचीच री ओढतात.

‘शिळं’ हा शब्द उजवीकडे का गेला ते पाहा. जेवताना, हिशोब करताना, निघताना कुणीही शिळ्या अन्नाची तक्रार केलेली नाही. ती पहिल्यांदा आली ती धमकीच्या वाक्यात. म्हणजे बट्ट्या कमी पडल्या हे झालेलं आहे आणि शिळं अन्न हे लिहिलं जाणार आहे. हा फरक शेवटच्या टप्प्यात फार कामाला येतो, म्हणून आत्ताच टिपून ठेवा.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. नुसतं “मी गूगलवर लिहीन” म्हणणं धमकी नाही. आपला खरा अनुभव लिहायचा ग्राहकाला हक्क आहे, त्याने शब्द कितीही कडक वापरले तरी. “माझे न मिळालेल्या ताटांचे पैसे परत द्या, नाहीतर लिहीन” म्हणणारा ग्राहक चिडलेला आहे, खंडणीखोर नाही. त्याचे पैसे द्या आणि माफी मागा. हा पुढचा सगळा खटाटोप खऱ्या नुकसानीच्या कितीतरी वर मागणाऱ्यासाठी आहे.

इशारा: कुणाची तब्येत बिघडल्याची तक्रार असेल तर हा लेख बाजूला ठेवा. आधी माणसाची चौकशी करा, डॉक्टरांचे कागद पाहा, उरलेल्या अन्नाचा नमुना असेल तर सांभाळा आणि वकिलाशी बोला. तिथे ताटांच्या हिशोबाने उत्तर देता येत नाही.

## ३. नुकसानीचा हिशोब: हा टप्पा घाईत उरकू नका

गणितात खोट असेल तर उत्तर कितीही गोड लिहिलं तरी पडतं. ग्राहक आकडा मोडून दाखवतो आणि मग तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही.

ताटं किती कमी पडली? ‘पन्नास’ हा अंदाज आहे. पत्रावळ्या मोजल्या की खरा आकडा निघतो. समजा ३०० पत्रावळ्या नेल्या होत्या आणि परत आणलेल्या ८६ भरल्या. म्हणजे २१४ वापरल्या गेल्या. ऑर्डर २५० ची, तेव्हा तुमच्याकडून ३६ ताटं कमी पडली. मग यजमान ५० म्हणतात ते खोटं बोलतात का? तसंच काही नाही. ५० माणसं खरंच राहिली असतील तर जेवायला आलेले २६४ होते. ऑर्डरपेक्षा १४ जास्त. ते १४ जण उपाशी राहिले याचं वाईट वाटणं साहजिक आहे, पण ती तुमची कसूर नाही. जबाबदारी ३६ ताटांची.

तपासा: वाढप्यांची, वाजंत्रीवाल्यांची ताटं या २१४ मध्ये धरली गेली का? तुमच्या वाढप्यांनी त्यातली ८ वापरली असतील तर पाहुण्यांना २०६ च मिळाली आणि कमतरता ४४ ची होते. हे ग्राहकाने दाखवून देण्याआधी तुम्ही स्वतःच पकडा. आपल्या उदाहरणात वाढपी घरून डबा आणून जेवले, म्हणून आकडा ३६ च राहतो.

पैसे किती? इथे दोन्हीकडचे लोक चुकतात. यजमानांनी खानावळीला ५० ताटांचे ताटाला ११० प्रमाणे ५,५०० रुपये दिले. ते म्हणतात, न मिळालेल्या ताटांचे पैसे द्या आणि खानावळीचं बिलही द्या. ऐकायला रास्त वाटतं, पण एकाच जेवणाचे पैसे दोनदा होतात. ३६ ताटांचे २२० प्रमाणे ७,९२० रुपये तुम्ही परत केलेत की त्या ३६ जणांच्या जेवणावर यजमानांचा तुमच्याकडे एक पैसाही खर्च झाला नाही. त्यांनी बाहेरून जेवण आणलं ते ३,९६० रुपयांत. परतफेड त्याहून जास्तच आहे.

लक्षात ठेवायला सोपं असं: परतफेड आणि बदलीचा खर्च यांतली मोठी रक्कम द्यायची, दोन्हींची बेरीज नाही. खानावळीने ताटाला ३०० रुपये घेतले असते तर ३६ ताटांचे १०,८०० द्यावे लागले असते, कारण तुमच्या चुकीमुळे यजमानांना महाग जेवण घ्यावं लागलं.

त्यात जेवण आणायला केलेल्या रिक्षाचे ३०० रुपये धरा. ते थेट तुमच्या चुकीमुळे झाले आहेत. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये हेच तत्त्व आहे: करार मोडल्यामुळे सरळ जे नुकसान झालं ते भरून द्यायचं, दूरचं आणि आडून जोडलेलं नाही. ‘व्याह्यांपुढे मान खाली गेली, म्हणून २५ हजार’ हे त्या हिशोबात बसत नाही.

पण मनस्तापाचं काय? तो झाला आहे. कार्यात जेवण कमी पडणं आपल्याकडे किती लागतं हे वेगळं सांगायला नको. ग्राहक आयोगही मानसिक त्रासाबद्दल भरपाई देऊ शकतो. म्हणून एक माफक रक्कम स्वतःहून धरा. या उदाहरणात २,००० रुपये धरू. ही रक्कम धमकीचा मेसेज मनातून बाजूला ठेवून, तुमच्या मते काय योग्य आहे ते बघून ठरवायची आणि मग वाढवायची नाही.

बेरीज: ७,९२० + ३०० + २,००० = १०,२२० रुपये.

तपासा: हाच ग्राहक अगदी शांतपणे, धमकी न देता आला असता तर मी हीच रक्कम दिली असती का? कमी दिली असती तर तुम्ही घाबरला आहात. जास्त दिली असती तर तुम्ही चिडला आहात. आकडा दुरुस्त करा.

## ४. पोच: त्याच दिवशी, चार ओळींत

हिशोबाला वेळ लागतो, पण शांतता जास्त वेळ टिकू देऊ नका. मेसेज आल्यापासून तीन-चार तासांत पोच द्या:

“नमस्कार आप्पा. कालच्या कार्यक्रमात शेवटच्या पंगतीला बट्ट्या कमी पडल्या, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. ताटांची मोजणी आणि हिशोब करतो आहे. खानावळीच्या बिलाचा आणि रिक्षाच्या खर्चाचा फोटो पाठवाल का? उद्या दुपारी १ पर्यंत आकड्यांसह लेखी उत्तर देतो.”

या मेसेजमध्ये धमकीचा उल्लेख नाही आणि रकमेचाही नाही. माफी फक्त खऱ्या चुकीची आहे. “जे काही झालं त्याबद्दल माफी” असं लिहू नका. ‘जे काही’ मध्ये उद्या शिळं अन्नही बसवता येतं. वेळ तुम्ही दिली आहे, ती त्यांच्या सहाच्या मुदतीआधीची आहे आणि ती चुकवायची नाही.

बिल मागणं महत्त्वाचं आहे. खरं नुकसान झालेला माणूस बिल पाठवतो. ज्याला आकड्यातच रस आहे तो म्हणतो, ‘बिल-बिल काही नाही, पैसे बोला.’ हे उत्तरही जपून ठेवा.

## ५. मुख्य उत्तर

हे एकदाच लिहायचं. पुढे जे काही बोलणं होईल त्यात याचाच हवाला द्यायचा. मसुदा असा:

“नमस्कार आप्पा. काल कळवल्याप्रमाणे हिशोब देतो.

ऑर्डर २५० ताटांची होती. ३०० पत्रावळ्या नेल्या, ८६ परत आल्या, म्हणजे २१४ ताटं वाढली गेली. ३६ ताटं आमच्याकडून कमी पडली. ही चूक आमची आहे.

३६ ताटांची परतफेड ७,९२० रुपये, रिक्षाखर्च ३०० रुपये, झालेल्या त्रासाबद्दल २,००० रुपये. एकूण १०,२२० रुपये. खानावळीचं जेवण ताटाला ११० रुपयांचं होतं, तो खर्च परतफेडीत भरून निघतो. मोजणीत काही चुकलं असेल तर दाखवा, मी दुरुस्त करीन.

४०,००० रुपयांच्या मागणीला आधार देणारं बिल किंवा हिशोब मला मिळालेला नाही, त्यामुळे ती मान्य करता येत नाही.

आपण आपला अनुभव कुठे लिहावा किंवा लिहू नये हा आपला निर्णय आहे. वरची रक्कम त्यावर अवलंबून नाही. आपण लिहिलंत तरी ती मिळेल. बँक खात्याचा तपशील पाठवा, दोन दिवसांत पैसे जमा करतो. हा प्रस्ताव १५ दिवस खुला आहे.”

शेवटचा परिच्छेद अनेकांना लिहायला जड जातो. ‘लिहा म्हणून आपणच कसं सांगायचं?’ पण त्या माणसाच्या हातात एकच हत्यार आहे, पोस्ट. तिची किंमत शून्य आहे हे तुम्ही शांतपणे सांगितलं की सौदा उरत नाही. दुसरं कारण असं की “पैसे देतो, पण रिव्ह्यू टाकू नका” किंवा “टाकलेला काढा” असं लिहिलंत तर तो मेसेज तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. नकारात्मक रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी व्यवसायाने पैसे वा सवलत देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट गूगलवर लागला तर ३६ ताटांची चूक बाजूला राहते आणि ‘तोंड बंद करायला पैसे देतात’ हीच ओळख होते.

इशारा: या उत्तरात पोलीस, वकील, मानहानी यांतला एकही शब्द नको. ‘लिहिलंत तर केस टाकीन’ ही तुमच्याकडून धमकीच झाली. ज्याला खरंच तक्रार करायची आहे त्याने करावी, पण ती भीती दाखवायला वापरू नये.

पाठवण्याआधी तपासा: बेरीज दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मेसेज घरातल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, हा उद्या समाजाच्या ग्रुपवर जसाच्या तसा पडला तर लाज वाटेल असं एखादं वाक्य आहे का? असेल तर ते काढा. हा मेसेज फिरणार आहे असं धरूनच लिहायचा.

## ६. फोन, मध्यस्थ आणि घासाघीस

उत्तर गेल्यावर बहुतेकदा फोन येतो. आपल्याकडे फोनवर बोलणं पटकन घरचं होतं आणि तोंडातून निघतं, “पाहू ना भाऊ, करू काहीतरी.” तुमच्यासाठी हा वेळ मारून नेण्याचा प्रकार असतो, समोरच्यासाठी तो होकार असतो. फोनवर एवढंच म्हणा: “आप्पा, लेखी कळवलं आहे. त्यात आकडा चुकला असेल तर तेवढं सांगा.” आणि पुन्हा तेच.

मग मध्यस्थ येतो. गावातला वजनदार माणूस, एखादा माजी सदस्य किंवा दोन्हीकडचा नातेवाईक. तो सांगतो, “वीसवर मिटवून टाक.” ४०,००० आणि १०,२२० यांच्या मधला आकडा म्हणून वीस रास्त वाटतो, पण तो कुठल्याच हिशोबातून निघालेला नाही. उद्या मागणी ऐंशीची आली तर हाच मधला आकडा चाळीसवर जाईल. मध्यस्थाचा मान ठेवा, चहा द्या, हिशोबाचा कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, “यात कुठली ओळ वाढवायची ते तुम्हीच सांगा.” ओळ दाखवता आली आणि ती खरी असेल तर तेवढे पैसे वाढवा. उदाहरणार्थ, मंडपवाल्याने एक तास जास्त थांबण्याचे ८०० रुपये घेतल्याची पावती निघाली तर ते द्यायलाच हवेत.

रक्कम नव्या कागदाने वाढते, नव्या धमकीने वाढत नाही. हे एकदा मोडलं की ग्राहकाला कळतं की थोडं अजून ताणलं तर अजून सुटतात.

## ७. पैसे देणं आणि पावती

रोख देऊ नका. बँक ट्रान्सफर किंवा यूपीआय वापरा आणि शेऱ्यात ‘३६ ताटांची परतफेड व खर्च’ असं लिहा. बिलावर जीएसटी लावला असेल तर कमी पडलेल्या ताटांची क्रेडिट नोट काढायला तुमच्या सीएला सांगा.

पावतीत तारीख, ऑर्डर, कमी पडलेली ताटं आणि रकमेचे तीन भाग एवढंच घ्या. ग्राहक राजी असेल तर ‘या व्यवहारातील सर्व देणं पूर्ण मिळालं’ ही ओळ घ्या. रिव्ह्यूबद्दल एक अक्षरही पावतीत नको. सही द्यायला नकार मिळाला तरी पैसे अडवू नका. मेसेज टाका: “१०,२२० रुपये आज जमा केले. उरलेल्या मागणीबद्दल आपण ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता.” जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना आयोग आहेत. ग्राहकाला १९१५ या हेल्पलाइनवरही तक्रार करता येते. हा मार्ग तुम्हीच सांगितलात तर तो उलटत नाही. तिथे गेल्यावरही तुमचाच हिशोब टेबलावर येतो आणि तुम्ही आधीच पैसे भरलेले असतात.

ग्राहकाने खातं क्रमांकच दिला नाही तर तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी एकेक आठवण पाठवा. त्यापुढे मागे लागू नका.

## ८. पोस्ट पडलीच तर

पोस्ट दोन जातीची असते. ‘बट्ट्या संपल्या, पाहुणे ताटकळले’ ही खरी आहे. ती काढायच्या मागे लागू नका. वस्तुस्थितीच्या वादात कोण खरं हे गूगल ठरवत नाही, नियम मोडला का एवढंच पाहतं. अशा रिव्ह्यूखाली एकदाच उत्तर द्या:

“शेवटच्या पंगतीला आमच्याकडून ३६ ताटं कमी पडली, याबद्दल दिलगीर आहोत. त्या ताटांचे पैसे आणि झालेला खर्च देऊ केला आहे. आता ऑर्डरपेक्षा दहा टक्के जास्त बट्ट्यांचं पीठ जागेवर तयार ठेवतो.”

शेवटचं वाक्य खरंच अमलात आणलं असेल तरच लिहा, आणि पैसे जमा झाले असतील तर ‘देऊ केला आहे’ च्या जागी ‘दिला आहे’. ग्राहकाचं नाव, गाव, नंबर, चॅटचा फोटो, ४०,००० ची मागणी यातलं काही तिथे नको. ते उत्तर पुढच्या वर्षी मुलीचं लग्न ठरवणारा बाप वाचणार आहे. त्याला भांडण नको असतं, चूक झाल्यावर हा माणूस काय करतो ते बघायचं असतं.

दुसरी जात खोट्याची. ‘शिळं अन्न वाढलं’ किंवा कार्यक्रमाला न आलेल्या दहा चुलत्या-मावसभावांचे एका रात्रीत पडलेले एक-एक स्टार. यांना भावनेने उत्तर देऊ नका. प्रत्येक रिव्ह्यूचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच्या बाजूच्या तीन ठिपक्यांतून `Report review` करा. खऱ्या अनुभवावर नसलेलं लिखाण गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. ते निघेलच असं नाही आणि दोन दिवसांत तर नाहीच. ऑर्डर न दिलेल्यांच्या रिव्ह्यूखाली एक ओळ पुरे: “आमच्या नोंदीत आपल्या नावाची ऑर्डर सापडत नाही. कृपया तारीख कळवा.”

इशारा: ते स्टार खाली ढकलायला स्वतःच्या भावकीला पाच स्टार टाकायला सांगू नका. तेही खोटेच रिव्ह्यू असतात, आणि दोन्हीकडचे एकदम पडलेले स्टार पाहून वाचणाऱ्याचा कुणावरच विश्वास राहत नाही.

## ९. पोलिसांकडे कधी जायचं

आधी वकिलाला पूर्ण फाइल दाखवा, कारण इथे कायद्याची रेघ बारीक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मधल्या खंडणीच्या व्याख्येखाली पहिलंच उदाहरण बदनामीकारक मजकूर छापण्याची धमकी देऊन पैसे काढण्याचं आहे. अशी भीती घालून पैसे घेतले तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पैसे मिळाले नसले तरी, उकळण्यासाठी भीती घातली तर दोन वर्षांपर्यंत. पण ती इजा बेकायदेशीर हवी आणि हेतू अप्रामाणिक हवा. खरा अनुभव लिहीन म्हणणारा, किंवा प्रामाणिकपणे आपलं नुकसान चाळीसचंच झालं असं मानणारा त्यात सहजासहजी बसत नाही. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ हे वाक्य त्यासाठीच ऐकायला मिळतं.

तक्रारीला वजन कशाने येतं? ग्राहकाने खोटं लिहिण्याची धमकी लेखी दिली असेल. हिशोब मागूनही दिला नसेल. खरी रक्कम देऊ केल्यावर ती नाकारून पुन्हा तीच धमकी दिली असेल. किंवा पैसे घेतल्यावर पुन्हा मागणी आली असेल. आपल्या उदाहरणात ‘शिळं अन्न’ ही ओळ आणि तुमचं मुख्य उत्तर ही दोन पानं सगळ्यात जड आहेत. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. ठाण्यात दाखल करून घ्यायला नकार दिला तर तीच तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. चॅट पुरावा म्हणून द्यायचं झालं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचा मसुदा वकील करून देतात.

नुसत्या मानहानीची तक्रार मात्र पोलीस सहसा थेट नोंदवून घेत नाहीत, त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. त्यात खर्च आणि वर्षं दोन्ही जातात. एका-दोन खोट्या रिव्ह्यूंसाठी तो रस्ता आम्ही सुचवणार नाही.

काहीही निकाल लागला तरी फाइल फेकू नका. ऑर्डरचा कागद, पत्रावळ्यांची मोजणी, सगळे मेसेज आणि बँकेची नोंद किमान दोन वर्षं ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि योग्य कारण दाखवलं तर आयोग उशीरही माफ करू शकतो.